दोषाकडून दुःखाकडे : ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्याचा प्रवास

हिंदू विवाह अविच्छेद्य संस्कार आहे असे धर्मशास्त्र व न्यायालये सामान्यतः सांगत होती, त्या काळात, म्हणजे 1869 साली, ख्रिस्ती दांपत्यांसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. आणि तरीही 1955 नंतर मागाहून निघालेला हिंदू कायदा पुढे गेला व ख्रिस्ती कायदा मागे राहिला. या विपर्यासाचे कारण उदगीरसारख्या तालुक्याच्या गावातील एका काल्पनिक दांपत्याच्या उदाहरणाने सहज समजते.

समजा, चर्चमध्ये विवाह झालेले हे दांपत्य उदगीरला नांदत होते. पती एके दिवशी घर सोडून पुण्यास गेला आणि पाच वर्षे ना त्याने पत्नीला नेले, ना खर्चास काही पाठविले. 1869 चा कायदा 1857 च्या इंग्लंडमधील अधिनियमाच्या साच्यात घडलेला असल्यामुळे त्यात घटस्फोट म्हणजे दोषाची शिक्षा होती, आणि तो दोष मुख्यतः व्यभिचाराचा होता. पतीला पत्नीचा व्यभिचार एवढाच पुरावा पुरे असे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराला क्रौर्याची किंवा दोन वर्षांच्या परित्यागाची जोड सिद्ध करावी लागे. आपल्या उदाहरणातील स्त्रीजवळ परित्याग होता, परंतु व्यभिचाराचा पुरावा नव्हता. म्हणून तिला फार तर न्यायिक फारकत मिळाली असती, जिने सहवासाचे बंधन सुटते, परंतु विवाह कायम राहतो व पुनर्विवाहाची वाट बंदच असते. शिवाय जिल्हा न्यायाधीशाने दिलेला घटस्फोटाचा हुकूमनामाही उच्च न्यायालयाने कायम करीपर्यंत अपुराच राही.

हिंदू कायद्यात मात्र 1976 च्या दुरुस्तीने क्रौर्य व परित्याग ही घटस्फोटाची स्वतंत्र कारणे झाली आणि उभयसंमतीचा मार्गही खुला झाला. ख्रिस्ती कायद्यात संमतीची तरतूद नसल्याने ती न्यायालयाने वाचून घ्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली नाकारली. पत्नीवरील दुहेरी पुराव्याचा बोजा केरळ उच्च न्यायालयाने 1995 मध्ये व मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये घटनाबाह्य ठरविला, आणि 2001 च्या दुरुस्तीने संसदेने तो दूर केला. त्यानंतर पती व पत्नी या दोघांनाही सारखीच कारणे लाभली : व्यभिचार, धर्मांतर, दोन वर्षे टिकलेला असाध्य मनोविकार वा संसर्गजन्य गुप्तरोग, सात वर्षे हयातीची वार्ता नसणे, हेतुपुरस्सर नकारामुळे विवाहानंतर समागमच न होणे, सहवासाच्या हुकूमनाम्याची दोन वर्षे अवज्ञा, दोन वर्षांचा परित्याग आणि क्रौर्य. पतीचे बलात्कारादी अपराध हे पत्नीसाठी जादा कारण राहिले. कुष्ठरोगाचे कारण 2019 मध्ये वगळले गेले.

आता आपल्या उदाहरणातील स्त्रीने परित्यागाच्या कारणावर अर्ज करावा. विवाह जेथे लागला किंवा उभयतांनी अखेरचा सहवास जेथे केला, त्या हद्दीचे न्यायालय हा अर्ज चालविते. म्हणून पती पुण्यास असला तरी तिला पुण्यास धावावे लागत नाही. हा अर्ज जिल्हा न्यायाधीशापुढे जातो, आणि कौटुंबिक न्यायालय स्थापन झालेल्या हद्दीत मात्र त्याच न्यायालयापुढे. हिंदू दांपत्याचा अर्ज महाराष्ट्रात, कौटुंबिक न्यायालय नसेल तेथे, सामान्यतः वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापुढे चालतो, हा व्यवहारातील मोठा फरक आहे. पाळकांनी वा धर्मपीठाने विवाह रद्द केल्याचा कागद दिला तरी त्याने कायद्यातील विवाह संपत नाही. त्या आधारे पुन्हा लग्न करणारा द्विभार्यत्वाच्या आरोपास पात्र ठरू शकतो.

न्यायालयाचा हा फरक सोडला, तर दोन कायद्यांतील अंतर आज मुख्यतः शब्दांत व मुदतीत उरले आहे. पतीच्या वा पत्नीच्या वागणुकीने सहवास घातक वा अपायकारक होईल अशी वाजवी भीती वाटावी, ही ख्रिस्ती कायद्यातील क्रौर्याची व्याख्या हिंदू कायद्याने 1976 मध्येच टाकून देऊन क्रौर्य हा साधा शब्द ठेवला. उभयसंमतीसाठी हिंदूंना एक वर्ष विभक्त राहणे पुरते, ख्रिस्तींसाठी 2001 च्या मजकुरात दोन वर्षे आहेत. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती मुदत एक वर्षाची ठरविली व 2022 मध्ये त्या एक वर्षाच्या अटीलाही घटनाबाह्य म्हटले; तथापि अधिनियमाच्या छापील पानावर दोन वर्षे अद्याप कायम आहेत.

शेजारी राहणाऱ्या दोन दांपत्यांची संमती सारखी असताना एकाने एक वर्ष व दुसऱ्याने दोन वर्षे थांबावे, याला समर्थनीय कारण दिसत नाही. दोषाच्या शोधाकडून संसार मोडल्याच्या स्वीकाराकडे आलेला हा कायदा संसदेने ही मुदत एक वर्षाची करून पूर्णत्वास न्यावा; प्रत्येक प्रांतातील एकेका अर्जदाराने न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून तो दुरुस्त करवून घ्यावा, ही अपेक्षा अन्याय्य आहे.