पपईचा चीक आणि पाच मिनिटांचं भाषण

कंपनीच्या वर्धापनदिनी निवृत्त माणसाला बोलायला पाच मिनिटं मिळतात. त्यातली दोन सत्कार आणि आभारात जातात, उरलेल्या तीनमध्ये तो मालकाची गोष्ट सांगतो. ती मात्र सभागृहातल्या सगळ्यांना आधीच पाठ असते. स्वतःच्या हाताखालून गेलेलं काम त्याला सांगण्याजोगं वाटतच नाही.

जळगावच्या जैन उद्योगाचीच सुरुवात घ्या. वाकोदच्या भवरलाल जैनांनी, म्हणजे मोठ्या भाऊंनी, सरकारी नोकरीची वाट सोडली आणि 1963 साली घरच्या 7,000 रुपयांच्या शिल्लकीवर रॉकेलचा धंदा सुरू केला, ही गोष्ट खान्देशात पोरंही सांगतील. पुढे खतं, बियाणं, पाइप, ट्रॅक्टर यांच्या एजन्सी आल्या. मग 1978 साली त्यांनी केळीच्या पावडरीचा एक जुना कारखाना 30 लाखांना घेतला आणि तिथं पपेन काढायला घेतलं. कंपनीच्या इतिहासात हे एका ओळीत संपतं. मला वाटतं, त्या दिवसांत कामाला लागलेला कुणी माइकपुढं आला, तर त्यानं याच ओळीवर थांबावं.

कारण पपेन निघतं पपईच्या चिकातून, आणि चीक काही कारखान्यात तयार होत नाही. तो येतो शेतातून, आणि तोही सकाळीच. पुरतं वाढलेलं पण हिरवंच फळ झाडावर असताना त्याला धारदार पात्यानं उभ्या तीन-चार चिरा द्यायच्या, दोन-तीन मिलिमीटर खोल. त्याहून खोल गेलं तर फळ सडतं. चिरा दिल्या की पांढरा चीक टपटपतो, खाली धरलेल्या भांड्यात गोळा होतो आणि थोड्याच वेळात फळावरच साकळतो. उन्हं चढली की धार आटते, म्हणून सगळी धावपळ दहाच्या आत. चार-पाच दिवसांनी त्याच फळाला जुन्या चिरांच्या मधल्या जागेत पुन्हा चिरा द्यायच्या. चीक हाताला लागला तर कातडी सोलवटते; तो प्रथिनं तोडतो, त्याला मांस काय आणि आपली बोटं काय. भांडं लोखंडाचं चालत नाही, चीक काळा पडतो.

खरी कसोटी पुढं आहे. ओल्या चिकात पाचातले चार भाग पाणीच असतं, म्हणजे किलोभर कोरड्या मालाला पाचेक किलो चीक लागतो. तो त्याच दिवशी वाळवायला हवा आणि तोही साधारण पन्नास-पंचावन्न अंशांवर. खान्देशातल्या मे महिन्यात उन्हाला तोटा नाही, पण अंगणात पसरून वाळवलेला चीक तपकिरी पडतो आणि त्याचं बळ जातं. चांगला माल दुधाळ पिवळसर दिसतो. नुसत्या रंगावर मात्र गिऱ्हाईक भुलत नाही. पपेननं दूध साकळतं. किती मालानं किती वेळात साकळलं, हे मोजून त्याचं बळ ठरवायची जुनी रीत आहे. बिअर थंडीत गढूळ होऊ नये म्हणून, मांस मऊ व्हावं म्हणून आणि औषधांसाठी ते वापरणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला हे बळ दर खेपेला सारखं हवं असतं. कच्चा चीक नुसता वाळवून ते जमत नाही. तो विरघळवून, गाळून, शुद्ध करून पुन्हा वाळवावा लागतो. जळगावहून निर्यात झाली ती अशाच शुद्ध केलेल्या पपेनची.

आता या कामात माणसं किती लागली असतील बघा. भल्या पहाटे बागेत चिरा देणाऱ्या बाया. फळाला चिरा पडल्या की बाजारात भाव पडतो म्हणून कुरकुरणारा शेतकरी. त्याला पटवणारा एखादा तरुण कारकून. गाडी उशिरा आली की डब्याचं झाकण उघडून आधी वास घेणारा ड्रायरवरचा माणूस. कोण होते ते, मला ठाऊक नाही. पण असे कोणी असल्याशिवाय हा धंदा उभा राहत नाही. 1980 साली पाइपांचं उत्पादन सुरू झालं आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक आलं, तेव्हा कारखान्याला शेतकऱ्याच्या बांधावर जायची सवय आधीच लागलेली होती, असा माझा तर्क आहे. तो खरा की खोटा, हे ड्रायरवरचा माणूसच सांगू शकेल.

तेव्हा सूत्रसंचालकानं त्याला ‘मोठ्या भाऊंच्या आठवणी सांगा’ म्हणू नये. ‘दादा, चीक बिघडला हे तुम्ही कशावरून ओळखायचात?’ एवढंच विचारावं, आणि पाचव्या मिनिटाला चिठ्ठी पाठवू नये.