आसनेन की आसने न?

आजचं वाचन : तैत्तिरीय उपनिषद, शिक्षावल्ली, अकरावा अनुवाक



वेदांचं शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्यांना गुरूने केलेला उपदेश म्हणजे हा अनुवाक. खरं बोला, धर्माने वागा, आई, वडील, आचार्य आणि अतिथी यांना देव माना, एवढा भाग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दीक्षान्त समारंभांत तोच म्हटला जातो. पण हे शिष्य धर्म शिकून निघालेत. उद्या लोक यांना विचारून वागणार. म्हणून गुरू त्यापुढे जे बोलतात ते नीट ऐकायला हवं.

ते म्हणतात, आमच्या वागण्यातलं जे चांगलं असेल तेवढंच घ्या, बाकीचं घेऊ नका. शिष्य कित्येक वर्षं गुरूच्या घरी राहिलाय. त्यांचा राग, त्यांचे हट्ट त्याने जवळून पाहिलेत. गुरू ते झाकत नाहीत. निरोप देताना ते स्वतःलाच तपासायचा अधिकार शिष्याच्या हातात देतात. आता विचार करा, उद्या हा शिष्य लोकांना 'मी सांगतो म्हणून' असं कुठल्या तोंडाने म्हणेल?

लगेच पुढे आपल्यापेक्षा श्रेष्ठ विद्वान भेटले तर कसं वागायचं, ते येतं. इथे एक गंमत आहे. 'आसनेन' असा एक शब्द धरला तर अर्थ होतो : त्यांना बसायला आसन देऊन त्यांचा शीण घालवावा. पण तेच 'आसने न' असं तोडलं तर 'न' म्हणजे नाही, आणि अर्थ होतो : ते चर्चेला बसलेले असताना तू श्वाससुद्धा मोठ्याने टाकू नकोस, त्यांच्या बोलण्यातलं सार तेवढं घे. एक 'न' मागच्या शब्दाला चिकटला की पाहुणचार, सुटा झाला की मौन!

आद्य शंकराचार्य आपल्या भाष्यात काय करतात? दोन्ही अर्थ देतात. आधी पहिला सांगतात, मग 'किंवा' म्हणून दुसरा. त्यांच्यासारख्या माणसाने एकच अर्थ ठोकून सांगितला असता तर कोण बोललं असतं? पण वाक्यात दोन वाटा दिसतात तर वाचणाऱ्याला त्या दोन्ही दाखवायच्या. विद्वानाची नम्रता इथे कळते. 'मी अगदी लहान माणूस' असं बोलून दाखवणं सोपं आहे. आपल्याला आवडलेल्या अर्थाशेजारी दुसरा अर्थही ठेवणं अवघड.

आणि ग्रंथात उत्तरच सापडलं नाही तर? गुरूंना तेही ठाऊक आहे. कर्माबद्दल किंवा वागण्याबद्दल शंका आली, तर तिथले जाणते लोक कसे वागतात ते बघ, असं ते सांगतात. ते जाणते कसे हवेत? नीट विचार करणारे, आपल्या कर्तव्यात मुरलेले, दुसऱ्याच्या सांगण्यावरून न चालणारे, धर्माची ओढ असलेले आणि 'अलूक्ष', म्हणजे रुक्ष नसलेले, मनाने कठोर नसलेले. उपनिषद इथे ब्राह्मणांबद्दल बोलतं, ती त्या काळाची चौकट आहे. पण नुसता जन्म पुरेसा धरलेला नाही. हे गुणही मागितलेत.

आजचं उदाहरण घेऊ. वेदपाठशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला शेजारच्या काकू विचारतात, "अरे, हे जाऊन तीन महिने झाले. यंदा गणपती बसवू की नको?" सुतक साधारण दहा दिवसांचं मानतात. वर्षभर सण न करण्याची चाल बऱ्याच घरांत असते, पण ती त्या घराची रीत. मुलाने "शास्त्रात चालत नाही" म्हटलं तर काकू निमूट ऐकतील, कारण पोथी त्याने वाचलीय, त्यांनी नाही. जबाबदारी ती हीच : समोरच्याला आपलं बोलणं पडताळून बघता येत नाही. म्हणून त्याने तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायला हव्यात. शास्त्र एवढं सांगतं, ही घरची चाल, आणि हे माझं मत. मग "काकू, तुम्हाला काय वाटतं?" हेही विचारायला हवं. अलूक्ष म्हणजे हेच ना?

चूक कुठे होते तेही इथेच दिसतं. तिन्ही गोष्टी एकाच दमात 'शास्त्र' म्हणून सांगितल्या की ऐकणाऱ्याला त्यातली चाल कोणती आणि मत कोणतं, हे कधीच कळत नाही.

आज कुणाला एखादा श्लोक समजावून सांगाल तेव्हा एवढं करून बघा : ग्रंथाचं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, ते मोठ्याने सांगा.

राम कृष्ण हरी!