कुर्तीचा रंग आणि कापडाची साक्ष

छोट्या ऑनलाइन कपडेविक्रेत्यांकडून छायाचित्र-संपादकाला येणाऱ्या ई-मेलमध्ये एक मागणी हमखास असते. मॉडेलचा एक फोटो सोबत जोडलेला असतो आणि त्यातील मोहरी रंगाची कुर्ती नेव्ही, राणी, पिस्ता, मोरपंखी, वाइन, पांढरा, काळा अशा दहा-बारा रंगांत करून द्यावी, चेहऱ्याला व पार्श्वभूमीला हात लावू नये, असे लिहिलेले असते. या मागणीमागचे अर्थकारण सरळ आहे. मॉडेलचे मानधन, मेकअप आणि स्टुडिओचे भाडे तासांवर मोजले जाते, प्रत्येक रंगाची कुर्ती घालण्यात, इस्त्री करण्यात आणि चुण्या नीट बसवण्यात वेळ जातो, आणि मॉडेलच्या मापाचा नमुना बहुधा एकाच रंगात शिवलेला असतो, कारण बाकीचे रंग अजून ताग्यातच असतात किंवा पुरवठादाराकडून यायचे असतात. अशा विक्रेत्याने एका फोटोवर बारा रंगांचे काम भागवू पाहणे ही काटकसर आहे, लबाडी नव्हे. तरीही या मागणीत रंगाविषयीचे एक गृहीतक दडलेले आहे आणि ते तपासून पाहिल्याशिवाय काय करता येते, काय करता येत नाही आणि काय करू नये, हे ठरवता येत नाही.

गृहीतक असे, की रंग हा कापडावर चढवलेला एक वेगळा थर आहे आणि तो सोलून काढून त्या जागी दुसरा बसवता येतो. प्रत्यक्षात फोटोतील कुर्तीच्या एखाद्या ठिपक्याचा रंग म्हणजे तेथे पडलेला प्रकाश आणि त्या प्रकाशातील लाल, हिरवा व निळा भाग कापडाने किती प्रमाणात परत पाठवला, या दोहोंचा गुणाकार असतो. संपादकाला बदलायचे असते ते फक्त दुसरे प्रमाण, ज्याला परावर्तनाचे प्रमाण म्हणतात. फोटोत मात्र गुणाकाराचे उत्तर तेवढे नोंदलेले असते आणि त्या उत्तरातून प्रकाश वेगळा आणि कापड वेगळे काढणे हेच रंगबदलाचे खरे काम असते.

फोटोशॉपमधील Hue/Saturation या सोयीने हे काम एका पट्टीवर बोट सरकवून होते असे वाटते, म्हणून तेथे काय घडते ते एका उदाहरणाने पाहणे योग्य ठरेल. मोहरी रंगाच्या कुर्तीचा मधला, ना छायेतला ना चकाकीतला, भाग लाल 200, हिरवा 150, निळा 40 असा नोंदला गेला आहे असे धरू. डोळ्याला जाणवणारा उजळपणा 0 ते 100 अशा मापात मांडण्याची जी पद्धत 1976 पासून रूढ आहे, तिच्यानुसार या रंगाचा उजळपणा सुमारे 65 भरतो. पट्टी निळ्यापर्यंत सरकवली की साधारण 40, 67, 200 असा रंग मिळतो आणि त्याचा उजळपणा सुमारे 35 असतो. हा रंग निळा खरा, पण नेव्ही नव्हे. नेव्हीचा उजळपणा 18 ते 20 च्या आसपास असतो, म्हणून विक्रेत्याला नेव्हीऐवजी भडक रॉयल ब्लू हातात मिळतो. पट्टी रंगाचा कल फिरवते, पण पिवळा मुळातच उजळ आणि निळा मुळातच गडद असतो, याची दखल ती घेत नाही. पूर्ण पिवळा आणि पूर्ण निळा या दोन्ही रंगांना ती सारख्याच पातळीचे मानते, जरी डोळ्याला पहिला सुमारे 97 आणि दुसरा सुमारे 32 इतका उजळ दिसत असला, तरीही.

यावर उजळपणा वेगळा खाली आणणे हा उपाय दिसतो; पण त्याआधी दुसरी अडचण उभी राहते. मोहरी कापड निळा प्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकते, त्यामुळे त्या फोटोच्या निळ्या वाहिनीत, म्हणजे केवळ निळ्या प्रकाशाची नोंद ठेवणाऱ्या भागात, चुण्यांची आणि विणीची माहिती फारच थोडी आणि दाणेदार असते. कुर्ती निळी करायची म्हणजे नेमकी हीच दुबळी वाहिनी कित्येक पटींनी उचलायची, आणि मग छायेत रवाळ ठिपके व डाग उठतात. म्हणून अनुभवी संपादक निळ्या वाहिनीवर विसंबत नाही. मोहरी कुर्तीत सर्वांत स्वच्छ नोंद लाल वाहिनीत असते, त्यामुळे तो तिच्यावरून कुर्तीचे एक करडे चित्र तयार करतो, नव्या रंगाच्या गरजेप्रमाणे Curves ने त्याचा उजळपणा बसवतो आणि त्यावर Multiply पद्धतीने नवा रंग चढवतो. लाल कुर्ती असेल तर लाल वाहिनी, निळी असेल तर निळी, असा हा हिशेब आहे. पुढे बारा रंग काढायचे आहेत हे आधीच ठाऊक असेल, तर फोटोसाठी फिकट करड्या किंवा मळकट पांढऱ्या रंगाचा नमुना शिवून घेणे सर्वांत शहाणपणाचे, कारण असे कापड तिन्ही वाहिन्यांत भरपूर नोंद ठेवते.

एवढे केल्यावरही कुर्ती रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसू शकते, आणि त्याचे कारण चुण्यांत असते. चुणीच्या खोलात प्रकाश एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आदळतो आणि कापडाचा रंग दोनदा, तीनदा घेऊन बाहेर येतो, त्यामुळे खऱ्या राणी कुर्तीच्या चुण्या केवळ काळवंडत नाहीत, तर अधिक गर्द होतात. करड्या चित्रावर सर्वत्र सारखाच रंग चढवला तर हा गर्दपणा येत नाही आणि छाया मातकट दिसते. तो छायेत वेगळा भरावा लागतो. फिकट आणि गडद कापडांतला फरकही येथेच उघड होतो. पांढऱ्या कापडाच्या चुण्यांत प्रकाश इकडून तिकडे खेळत राहतो, म्हणून त्याच्या छाया मऊ असतात. काळे कापड चुणीतला प्रकाश गिळते आणि त्याच्या उंचवट्यांवर मात्र दिव्याची चकाकी ठळक उठते. पांढऱ्या कुर्तीला नुसते गडद करत नेले तर खरे काळे कापड दिसत नाही, धुऊन विटलेले दिसते. उलट दिशेने, काळ्याची पांढरी करताना, काळ्या भागात नोंदच इतकी थोडी असते की ती ताणल्यावर सलग छायेच्या जागी पायऱ्या दिसू लागतात.

‘चेहऱ्याला हात लावू नये’ ही सूचना समजण्यासारखी आहे, पण ती शब्दशः पाळली तर फोटो बिघडतो. मोहरी कुर्तीवरून उसळलेला पिवळसर प्रकाश हनुवटीच्या खाली, मानेवर, दंडाच्या आतल्या बाजूला आणि पांढऱ्या लेगिंगच्या वरच्या भागावर पडलेला असतो. कुर्ती निळी झाली आणि हनुवटीखालची पिवळी झाक तशीच राहिली, की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कुर्ती चिकटवलेली आहे हे त्याला जाणवते. ही झाक एका मऊ कडेच्या मास्कने, म्हणजे बदल कोठे लागू व्हावा हे ठरवणाऱ्या आच्छादनाने, हलकेच उतरवावी लागते. मॉडेलचा स्वतःचा वर्ण मात्र कायम राखला पाहिजे, आणि हे केवळ सौजन्य म्हणून नव्हे. प्रत्येक ग्राहकाच्या मोबाइलचा पडदा रंग थोडा वेगळा दाखवतो. डोळा त्वचेशी आणि पार्श्वभूमीशी तुलना करून कुर्तीच्या रंगाचा अंदाज बांधतो, म्हणून बाराही चित्रांत त्वचा एकच असली तर तो अंदाज बराच टिकतो.

काही कापडांबाबत ही सारी कारागिरी अपुरी पडते. मराठी विक्रेत्यांच्या दुकानांत लोकप्रिय असलेल्या खणाच्या कुर्तीचे उदाहरण घ्यावे. गुळेदगुड्डच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या खणात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले, तर कापड ज्या कोनातून पाहावे त्याप्रमाणे कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा. ही धूपछाँव एका रंगाने रंगवता येत नाही; चुणीच्या प्रत्येक वळणावर दोन धाग्यांचे प्रमाण बदलते आणि नव्या जोडीत ते कसे दिसेल, हे जुन्या फोटोवरून ठरवणे म्हणजे अंदाजाने नवे कापड विणणे होय. साध्या रेयॉनच्या कुर्तीतही गळ्यावरचे भरतकाम, गोट आणि बटणे यांचा प्रश्न उरतो. राणी रंगाच्या कुर्तीवर भरतकामाचा धागा मोहरीवर होता तोच आहे की बदलला आहे, हे फक्त ज्याच्या हातात कापड आहे तोच सांगू शकतो.

संपादनाच्या प्रामाणिकपणाचा निकष येथेच सापडतो. रंग संगणकावर बदलला म्हणून फोटो खोटा ठरत नाही, कारण कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटोही दिव्यांच्या आणि यंत्राच्या हिशेबातून घडलेला असतो. प्रत्येक रंगामागे खरे कापड आहे का आणि चित्र त्या कापडाशी ताडून पाहिले आहे का, यावर ते ठरते. ‘वाइन’ किंवा ‘पिस्ता’ एवढे नाव दिले तर संपादक आपल्या मनातला वाइन रंग भरतो आणि ग्राहकाच्या घरी पुरवठादाराच्या मनातला पोहोचतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 यांनुसार जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘फोटोतील व प्रत्यक्षातील रंगांत थोडा फरक असू शकतो’ ही ओळ पडद्यांमधल्या फरकाबद्दल खरी आहे. कधीच न पाहिलेल्या कापडाची हमी तिच्या आड लपवणे मात्र ग्राहकावर अन्याय करणारे आहे.

यावरचा उपाय स्वस्त आहे, हे विशेष सांगितले पाहिजे. मॉडेलचे फोटो संपल्यावर दिवे न हलवता त्याच जागी प्रत्येक रंगाच्या कापडाचा वीतभर तुकडा, दोन-तीन चुण्या पाडून आणि शेजारी करडे कार्ड ठेवून टिपला, की संपादकाला हवे ते सर्व मिळते: सपाट भागातला रंग, चुणीतला गर्दपणा आणि उंचवट्यावरची चकाकी. करडे कार्ड म्हणजे कोणत्याही रंगाकडे न झुकणारा करडा पुठ्ठा. त्याच्या आधारे दिव्याची पिवळी-निळी झाक काढून टाकता येते. मग नवा रंग नावावरून नव्हे, तर तुकड्याच्या फोटोतील सपाट भागाच्या सरासरीवरून घेता येतो आणि तयार चित्र त्या तुकड्याशेजारी ठेवून तपासता येते. शेवटची खात्री खऱ्या तुकड्याशी, खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात करावी, कारण काही रंगद्रव्ये एलईडी दिव्याखाली एक आणि उन्हात दुसरेच रूप दाखवतात.

म्हणून अशा ई-मेलला संपादकाने होकार किंवा नकार देण्याऐवजी प्रश्न पाठवावेत. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या रॉ स्वरूपात आहे का. नसेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण फोटो म्हणून पाठवताना तो आकसतो आणि कडांवरचा रंग बाजूला पसरतो, ज्यामुळे खांद्यावर रुळणाऱ्या केसांभोवती जुन्या मोहरीची किनार उरते. कोणत्या रंगांचे कापड हातात आहे आणि कोणत्यांचे अजून यायचे आहे, हेही विचारावे. दराचा हिशेबही उघड मांडावा: मुख्य श्रम कुर्ती, भरतकाम आणि त्वचेवरची झाक यांचे मास्क तयार करण्यात जातात आणि ते एकदाच करावे लागतात, म्हणून पहिल्या रंगाचा दर जास्त आणि पुढच्या प्रत्येकाचा कमी असणे रास्त आहे. मोहरीवरून पिस्ता, राणी, वाइन, मोरपंखी आणि काळजीपूर्वक केल्यास नेव्हीही निघेल. पांढरी आणि काळी कुर्ती मात्र शिवून घेऊन मॉडेलवर वेगळीच टिपावी, आणि ज्या रंगाचा तुकडा अजून कोणीच पाहिलेला नाही, त्याचे चित्र तुकडा हाती येईपर्यंत करू नये.