तोंडी तक्रार म्हणजे आयता सूड

सरळ बैस आणि माझ्याकडे बघ. रात्रपाळीला कारखान्याच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप असतं, हे तू मला आज सांगतोस. मुकादमाला बोललास, त्याने दम दिला आणि तू गप्प बसलास.

भीती वाटते याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. तुझ्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तू एकटा गेलास आणि तोंडी बोललास. तक्रार कोणाची हे त्यांना कळलं, पण तक्रार झाल्याचा पुरावा कुठेच राहिला नाही. सूड घेणाऱ्याला आणखी काय हवं?

१८ मे २०२५ ची पहाट विसरलास? अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यांत मालक होता, त्याच्या घरचं लहान मूलही होतं. तुमच्याकडे मोटारींवर सुताचं तूस साचतं, त्याला एक ठिणगी पुरते. अशा वेळी किल्ली ज्याच्याकडे, तो जागेवर असेल याची हमी कोण देतं?

आता नीट ऐक. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम १४ सांगतं की जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराने मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावं. मालकाला धोका पटला नाही तरी त्याने प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचं असतं आणि अखेरचा निर्णय निरीक्षकाचा. मुकादमाची परवानगी यात कुठेही लागत नाही.

अर्जात रडगाणं नको. कोणतं दार, कुलूप किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आत किती माणसं, कधीपासून, एवढंच लिही. मंद्रूपहून तुम्ही जितके जण जाता, तितक्यांच्या सह्या घे. एकाला काढणं सोपं असतं, सगळी पाळी काढणं नाही. एक प्रत कारखान्यात दे, दुसरी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात, आणि दोन्हींवर तारखेसह पोच घे.

त्याआधी आणखी एक काम. तू ठेकेदाराचा माणूस. उद्या 'हा आमच्याकडे नव्हताच' म्हणाले तर काय दाखवशील? हजेरी कार्ड, पगाराची नोंद, पीएफचा क्रमांक घरी आणून ठेव. सूड म्हणून कामावरून काढणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे; तक्रारीला मुदत ९० दिवसांची. पण मालक-नोकराचं नातंच नाकारलं गेलं, तर ठेक्यावरच्या माणसाची तक्रार तिथेच अडकते. म्हणून कागद आधी, अर्ज नंतर.

उद्या पाळीला जाण्याआधी मसुदा घेऊन ये. भाषा मी तपासेन, सह्या तू आणायच्या. आणि त्या दाराचं कुलूप निघेपर्यंत मला 'बघू, सर' हे उत्तर चालणार नाही.