थांब, मी येतो

न्यू जर्सीत आमचा मराठीचा वर्ग दर रविवारी सकाळी दीड तास भरतो. सहा ते आठ वर्षांची नऊ मुलं. पहिल्या वर्षी मी गाण्यांवर भर दिला आणि दोन महिन्यांत सात गाणी पाठ झाली. पण पावसाच्या गाण्यातलं मडकं म्हणजे काय, असं विचारलं तर कुणालाच सांगता येईना. मुलांना घरचं मराठी कळत होतं, तोंडून मात्र इंग्रजीच यायचं.

एक सात वर्षांचा मुलगा तेवढा धिटाईने मराठी बोलायचा, पण 'मी जाते, मी खाते' असं. बाकीची हसायची. हळूहळू तोही गप्प झाला. त्याच्या घरी मराठी बोलणारी एकटी आईच होती. कानावर पडलं तेच तो बोलत होता. पुण्याला असता तर आजोबा, मामा, खाली खेळणारी पोरं यांच्याकडून 'मी जातो' न शिकवता आलं असतं. इथे ती माणसं नाहीत. त्यांची जागा वर्गात कशी भरायची?

उत्तर चिऊ-काऊच्या गोष्टीत सापडलं. शेणाचं घर वाहून गेलेला काऊ दार ठोठावतो आणि मेणाच्या घरातली चिऊ दर वेळी नवी सबब सांगते. म्हणजे तेच वाक्य पुन्हापुन्हा, फक्त क्रियापद बदलायचं. या एका गोष्टीला मी चार रविवार दिले. पहिल्या रविवारी बाहुल्या घेऊन ती दोनदा सांगितली. दुसऱ्या रविवारी मुलांनी आपापल्या सबबी शोधल्या: 'थांब, मी दात घासते', 'थांब, मी लेगो खेळते'. तिसऱ्या रविवारी पात्रं वाटली. मुलगेही चिऊ झाले, मुलीही काऊ झाल्या. चिऊ 'घासते' म्हणते आणि काऊ 'भिजतो' म्हणतो, हे व्याकरणाचा शब्द न काढता कानाला कळलं. कुणी चुकलं तर मी अडवलं नाही. बरोबर वाक्य माझ्या उत्तरात घालून पुढे गेलो. गाणं आता फक्त पहिली पंधरा मिनिटं, तेही हातवारे करत, कारण ज्या शब्दाला कृती जोडता येते तो अर्थासकट लक्षात राहतो.

चौथ्या रविवारचं काम घरचं होतं: आजीला फोन करून स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची. भूतकाळ मी मुद्दाम बाजूला ठेवला. 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' यात क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघतं; ते पुढच्या सत्रात.

त्या मुलाच्या आईने नंतर सांगितलं, तीन वाक्यं झाली आणि आजी पुढे बोलतच राहिली. त्याला बाहेर खेळायला जायचं होतं. तो म्हणाला, ''थांब आजी, मी खेळून येतो.'' हे चौथं वाक्य आम्ही कुणी शिकवलेलं नव्हतं.