स्टुडिओतील एक प्रश्न



उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ-बदलापूरच्या स्टेशनांबाहेर, फोटो स्टुडिओत एक प्रश्न सहज विचारला जातो : "डाग काढून रंग थोडा उजळून देऊ का?" समजा, आपली मुलगी दहावीत आहे. कपाळावर मुरुमे आहेत, गालावर जन्मखूण आहे, आणि ती शेजारीच उभी आहे. आपण काय उत्तर द्यावे?

प्रथम फोटो कशासाठी आहे, हे पाहावे. परीक्षेच्या अर्जावरील फोटो ही साक्ष असते. केंद्रावर तो चेहऱ्याशी ताडून पाहिला जातो. वरून कोरडे आणि आत भिजलेले धान्य विकणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भर बाजारात टोकले होते. ज्या फोटोवर दुसऱ्याने विसंबायचे, त्याला हात लावू नये.

वर्गाच्या आठवणीसाठी काढलेल्या फोटोचा प्रश्न वेगळा आहे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात कापले गेले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्याची अनुमती दिली. ती हानीची भरपाई होती. मूळ घडणीला नावे ठेवणे नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे, चार महिन्यांत जाणारे मुरूम फोटोतून पुसणे हे कपड्यावरची धूळ झटकण्यासारखे आहे. पण जन्मखूण पुसणे, रंग उजळणे, नाक बारीक करणे म्हणजे अल्लाहने दिलेला चेहरा चुकला, असे मुलीला सांगणे होय.

पुष्कळदा फोटो पुन्हा काढला तरी पुरते. मोबाइल चेहऱ्याजवळ धरला की नाक मोठे दिसते. डोक्यावरच्या दिव्याने मुरुमांची सावली गडद होते. पाच फूट मागे सरून खिडकीसमोर फोटो काढावा. बराच 'दोष' चेहऱ्याचा नव्हताच, हे तिलाही दिसेल.

आता बोलण्याविषयी. आपण होऊन "साफ करून घेऊ" म्हणू नये. तिनेच मागणी केली, तर आधी विचारावे, "बेटा, कोणी काही म्हणाले का?" बहुधा वर्गात पडलेले एखादे नाव बाहेर येईल. सूरह अल-हुजुरातच्या 11 व्या आयतीत अशी नावे ठेवण्यास मनाई आहे. मग काम फोटोचे उरत नाही. शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलण्याचे होते.

"तू तर किती सुंदर आहेस" एवढ्याने तिचे समाधान होणार नाही. हजरत जाहिर (रजि.) दिसायला साधारण होते. प्रेषितांनी (स.) बाजारात त्यांना मागून मिठी मारली आणि थट्टेने विचारले, हा गुलाम कोण घेतो? माझी किंमत फार कमी येईल, असे ते म्हणाले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या रूपाची खोटी स्तुती केली नाही, अल्लाहपाशी त्यांचे मोल मोठे आहे, हे सांगितले. आधी मिठी, मग खरे बोल, हाच क्रम आपणही ठेवावा.

म्हणून स्टुडिओवाल्याला तिच्या देखत म्हणावे, "भाई, फोटो आहे तसाच द्या."

अल्लाह आपल्या मुलांना आपल्या नजरेत स्वतःचे खरे मोल पाहण्याची तौफीक देवो. आमीन.