पाव्हणं कुठलं?

प्रिय सुधा,

फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याला घरी घेऊन गेले होते. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. आईनं मटणाचा बेत केला, बाबांनी त्याच्या ताटात स्वतः दुसऱ्यांदा रस्सा वाढला. साताऱ्याहून पुण्याला येताना मात्र तो खिडकीबाहेर बघत बसला. खंबाटकीपाशी मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "काही नाही, जेवण जड झालं." त्याला आता अकरा दिवस झाले. फोन उचलतो, कामाचं बोलतो, ठेवतो.

पहिले चार दिवस मी त्याच्यावर रागावले होते. माझ्या माणसांनी इतकं केलं आणि हा तोंड पाडून बसला! पाचव्या दिवशी मी ती दुपार पहिल्यापासून पुन्हा आठवायला बसले. नुसतं कोण काय बोललं तेवढंच. तेव्हा कुठं कळायला लागलं, तेही अर्धवटच.

त्याचं आडनाव जाधव, हे तुला माहीत आहे. माझ्या आजोळचंही तेच. त्यामुळं चहा येईपर्यंत बाबा खुशीत होते. आपल्याकडं आडनावावरून माणूस ओळखतात म्हणतात, पण जाधव, मोरे, गायकवाड, शिंदे ही आडनावं मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही कितीतरी समाजांत आहेत. म्हणजे आडनावानं प्रश्न सुटत नाही, तिथून तो सुरू होतो. बाबांनी विचारलं, "मग पाव्हणं कुठलं?" यात काय वाईट? आमच्याकडं एसटीत शेजारी बसलेल्यालाही हेच विचारतात. त्यानं गावाचं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "तिथं तर आमची सोयरीक आहे. घर गावात कुठं, वेशीजवळ का?" तो म्हणाला, "भीमनगरात."

डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं जावीत. महारवाडा, मांगवाडा असं न म्हणता समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर म्हणायचं. चांगलंच केलं. त्याच्या गावात ही पाटी त्याआधीच लागली होती, असं तो मला कधीतरी हसत म्हणाला होता. पाटी बदलली, पण वस्ती गावाच्या त्याच टोकाला राहिली आणि नवं नाव ऐकणाऱ्यालाही जुनंच ऐकू येतं. बाबांनाही आलं असणार. पण बाबा लगेच थांबले नाहीत. समोरच्याला अजून एक वाट ठेवावी, तसं त्यांनी विचारलं, "शेती?"

"दोन एकर. वतनाची."

"वतनाची? म्हणजे पाटीलकी होती का?"

सुधा, इथं मी थोडी थांबते, कारण हा प्रश्न मला सगळ्यात उशिरा कळला. वतन म्हटलं की आमच्या घरी पाटलाची गढी डोळ्यापुढं येते. गावकीची कामं पिढ्यान्‌पिढ्या करायची आणि त्याबदल्यात मिळालेला जमिनीचा तुकडा कसायचा, ते महार वतनही वतनच. बाबासाहेबांनी त्याला गुलामगिरी म्हटलं आणि ते काढून टाकण्यासाठी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. वतन कायद्यानं गेलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1958 च्या कायद्यानं. शब्द एकच. एका घरात तो मान आहे, दुसऱ्या घरात मेलेलं जनावर ओढण्याची आठवण. बाबांना हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही. ते गाव ओळखणारे गृहस्थ आहेत. त्यांना उत्तर त्याच्या तोंडून हवं होतं.

"नाही काका," तो म्हणाला. बास, एवढंच.

मग कुलदैवत आलं. जेजुरी का पाल? हे आईनं विचारलं, बहुधा बोलणं पडलं म्हणून. त्याच्या आजोबांनी 1956 नंतर घरातले देव नदीत सोडले, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. त्यानं आईकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. आणि मी काय केलं, सांगू? मी म्हणाले, "आई, चहा गार होतोय."

बाबांच्या खोलीत शाहू महाराजांची तसबीर आहे, तू पाहिली आहेस. आंतरजातीय लग्नांना मान्यता देणारा कायदा त्यांनी आपल्या संस्थानात 1919 मध्येच केला होता. शंभर वर्षं उलटून गेली. तसबिरीला दर जयंतीला हार असतो.

निघताना आई जिन्यापर्यंत आली. तो चपला घालत होता. ती माझ्या कानाशी, पण पुरेशा मोठ्यानं म्हणाली, "पोरगा गुणी आहे गं. किती नीट बोलतो. वाटत नाही." मला तेव्हा ते कौतुक वाटलं. खरंच वाटलं. काय वाटत नाही, हे मी तिला विचारलं नाही, कारण मला ते न विचारता समजलं होतं. आणि ते न विचारता समजतं, याचीच आता मला लाज वाटते.

तू म्हणशील, मग आईबाबांमुळं तो गप्प झाला. मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं. पण असे प्रश्न त्याला नवे नाहीत गं. पुण्यात भाड्यानं खोली बघताना त्यानं ते पन्नासदा ऐकलेत. "व्हेज की नॉनव्हेज?" इथपासून सुरुवात होते. घरमालकांच्या नकला तो मला करून दाखवायचा, आम्ही पोट धरून हसायचो. अशा प्रश्नांनी तो अकरा दिवस गप्प बसणारा नाही.

त्याला वाटत होतं, मी घरी सांगितलंय. आदल्या रात्री त्यानं विचारलं होतं, "सगळं बोललीस ना?" मी म्हणाले, "हो रे, वाट बघतायत." मी सांगितलं होतं ते एवढंच: इंजिनिअर आहे, आडनाव जाधव, स्वभावानं शांत. बाकीचं त्याला पाहिल्यावर, तो आवडल्यावर, हळूहळू कळेल असं मनात धरलं होतं. मला वाटायचं, आपण जात विचारत नाही, सांगत नाही, म्हणजे आपण तिच्या पलीकडं गेलोय. न सांगण्याची चैन मला परवडते. मी न उच्चारलेला शब्द चार प्रश्नांत त्याला उच्चारावा लागला, तोही अनोळखी माणसांसमोर, हातात बशी धरून. "भीमनगरात" म्हणाला त्या क्षणी त्याला कळलं असणार की इथं कुणालाच काही माहीत नाही. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी चहाचं बोलले.

कायद्याची अडचण नाही, हे मी बघून ठेवलंय. विशेष विवाह कायद्यानं करायचं तर नोटीस द्यायची, ती तीस दिवस कचेरीत लागते. तिथं नाव, वय, पत्ता सगळं लिहावं लागतं. निदान तिथं लपवालपवी नाही.

काल त्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला तुझ्या बाबांचा राग नाही. त्यांनी निदान विचारलं." आणि म्हणाला, जेवण खरंच जड झालं होतं.

रविवारी मी एकटीच साताऱ्याला जातेय. आईला आणि बाबांना समोर बसवून सांगायचंय. भीमनगरपासून सांगायचं, की आजोबांपासून, की "आई, तू जिन्यात काय म्हणालीस" तिथून? तू चार वर्षांपूर्वी हे केलंयस. तुझं पहिलं वाक्य काय होतं, ते जसंच्या तसं लिहून पाठव. शनिवारपर्यंत मिळेल असं बघ.

तुझी,
मी